सिंकचा रोजचा ईमेल: ऑफिस आणि गोडाऊनला कळेल असा कसा लिहावा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या कितीतरी वितरकांकडे एकच रचना दिसते. डीलर पोर्टलवर ऑर्डर टाकतात. रात्री एक प्रोग्राम त्या ऑर्डर उचलून टॅलीत सेल्स व्हाउचर म्हणून घालतो, यालाच सिंक म्हणतात, आणि सकाळी त्या नोंदींवरून माल निघतो. खालची उत्तरं अशाच एका रचनेला धरून आहेत. ऑफिस वागळे इस्टेटमध्ये, गोडाऊन तुर्भ्याला, सिंक रात्री १:३० वाजता, सारांशाचा ईमेल सकाळी ८ वाजता आणि पहिला टेम्पो साडेदहाला. आकडे उदाहरणाचे आहेत, पण हिशेब पूर्ण करून दाखवला आहे.

या ईमेलमध्ये नेमकं काय असावं?

अकाउंट्सच्या माणसाला रोजमेळ कळतो: आरंभीची शिल्लक, जमा, नावे, अखेरची शिल्लक. सिंकचा सारांश त्याच पद्धतीने मांडला की कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही. कालपर्यंत किती ऑर्डर अडकून होत्या, काल नव्या किती आल्या, टॅलीत किती गेल्या आणि आता किती अडकल्या आहेत, एवढ्या चार ओळी पुरतात. पहिल्या दोन ओळींची बेरीज आणि शेवटच्या दोन ओळींची बेरीज सारखीच यायला हवी.

नुसतं "६४ पैकी ६१ यशस्वी" असं लिहिणारे ईमेल पुष्कळ दिसतात. राहिलेल्या तीन ऑर्डरचं पुढे काय झालं, ते त्यातून कळत नाही. दुसऱ्या दिवशी नवा आकडा येतो आणि कालच्या तीन कुठेच दिसत नाहीत. आठ दिवसांनी डीलरचा फोन येतो तेव्हा शोधाशोध सुरू होते. आरंभीची शिल्लक ही एक ओळ टाकली की अडकलेली ऑर्डर सुटेपर्यंत रोज समोर येत राहते. ईमेलमध्ये एकच सुधारणा करायची असेल, तर ही करा.

एक पूर्ण नमुना दाखवाल का?

```
विषय: 12 मार्च: 3 ऑर्डर अडकल्या, Rs 42,350

आधीच्या अडकलेल्या: 2 ऑर्डर, Rs 23,100
काल आलेल्या: 64 ऑर्डर, Rs 7,48,320
टॅलीत गेलेल्या: 63 ऑर्डर, Rs 7,29,070
आता अडकलेल्या: 3 ऑर्डर, Rs 42,350
ताळा जुळतो.

आज करायचं काम (अकाउंट्स, 10:00 च्या आत):

ऑर्डर 5162, पनवेलचा डीलर (कोड 131), Rs 14,250
तिसरा दिवस. मालाचं नाव टॅलीत वेगळं आहे.
पोर्टलवरचं नाव: पाईप 25 मिमी

ऑर्डर 5187, कळव्याचा डीलर (कोड 214), Rs 18,600
टॅलीत या पार्टीचं लेजर नाही. लेजर उघडा.

ऑर्डर 5201, डोंबिवलीचा डीलर (कोड 177), Rs 9,500
बेरजेत 50 पैशांचा फरक आहे. तुम्ही काही
करू नका, सॉफ्टवेअरवाले दुरुस्त करतील.

लेजर आणि नाव दुरुस्त केलेल्या ऑर्डर
10:00 वाजता आपोआप पुन्हा पाठवल्या जातील.
```

ताळा पाहा. २ आणि ६४ मिळून ६६. ६३ आणि ३ मिळूनही ६६. रकमेत २३,१०० आणि ७,४८,३२० मिळून ७,७१,४२०; दुसरीकडे ७,२९,०७० आणि ४२,३५० मिळूनही तेवढेच. संख्या आणि रक्कम दोन्हींचा ताळा घ्या. संख्या जुळूनही एखाद्या ऑर्डरची रक्कम टॅलीत चुकीची गेलेली असू शकते, आणि ते रकमेच्या ताळ्यातच सापडतं.

नमुन्यातल्या कोडच्या जागी तुमच्या ईमेलमध्ये डीलरचं नाव लिहा, टॅलीत असतं तसंच.

हे आकडे कुठून घ्यायचे? प्रोग्रामच्या लॉगमधून चालतील?

लॉगमधले आकडे पुरेसे नाहीत. प्रोग्रामने "पाठवलं" म्हटलं म्हणजे ते टॅलीत बसलंच असं होत नाही, आणि टॅलीच्या बाबतीत ही चूक फार सहज होते. टॅलीला पोर्ट ९००० वर एक्सएमएल पाठवलं की नोंद नाकारली गेली तरी एचटीटीपीचं उत्तर २०० असंच येतं. खरा निकाल उत्तराच्या आतल्या आकड्यांत असतो:

```xml
<RESPONSE>
  <LINEERROR>Ledger 'ABC' does not exist!</LINEERROR>
  <CREATED>0</CREATED>
  <ALTERED>0</ALTERED>
  <IGNORED>0</IGNORED>
  <ERRORS>1</ERRORS>
</RESPONSE>
```

२०० पाहून "झालं" असं मोजणारा प्रोग्राम या ऑर्डरला यशस्वी धरेल. आमच्या मते `CREATED` एक असेल तरच ऑर्डर नव्याने गेली असं मानावं. `ERRORS` शून्य आहे म्हणून गेली, असं धरू नये, कारण `CREATED` आणि `ERRORS` दोन्ही शून्य असलेलं उत्तरही येऊ शकतं. `ALTERED` म्हणजे आधीचीच नोंद बदलली. ती नव्या नोंदींत मोजली की ताळा बिघडतो.

उलटही घडतं. टॅली नोंद करून मोकळं होतं, पण उत्तर परत येईपर्यंत नेटवर्क तुटतं. प्रोग्रामच्या दृष्टीने ऑर्डर अडकलेली असते, पण टॅलीत ती बसलेली असते. ती आंधळेपणाने पुन्हा पाठवली तर एकाच डीलरच्या नावे दोन बिलं पडतात. म्हणून ईमेल बनवण्याआधी दोन्ही टोकांना स्वतंत्रपणे मोजा. "आलेल्या" हा आकडा पोर्टलच्या डेटाबेसमधून घ्या आणि "गेलेल्या" हा टॅलीच्या सेल्स रजिस्टरमधून. त्यासाठी व्हाउचर पाठवतानाच पोर्टलचा ऑर्डर क्रमांक रेफरन्समध्ये टाकत चला, म्हणजे कोणती ऑर्डर कोणत्या व्हाउचरमध्ये गेली ते जुळवता येतं.

ताळा जुळलाच नाही तर ईमेल थांबवायचा का?

नाही, पाठवायचा, आणि विषयातच लिहायचं: "12 मार्च: ताळा जुळत नाही, 1 ऑर्डरचा फरक". मजकुरात फरक किती रुपयांचा आहे ते सांगा, आणि तो सुटेपर्यंत कोणत्या ऑर्डरचा माल सोडू नये तेही. फरक लपवण्यासाठी "इतर" अशी ओळ घालण्याचा मोह होतो. तो टाळा.

फरकाचं नेहमीचं कारण म्हणजे रद्द झालेल्या ऑर्डर. डीलरने रात्री अकराला ऑर्डर टाकली आणि बाराच्या आत रद्द केली, तर ती आलेल्यांत मोजली जाते, पण गेलेल्यांत नाही आणि अडकलेल्यांतही नाही. तुमच्याकडे डीलरला ऑर्डर रद्द करता येत असेल, तर "रद्द झालेल्या" ही पाचवी ओळ हवीच.

"काल" म्हणजे नक्की कधीपासून कधीपर्यंत?

भारतीय वेळेनुसार रात्री बारा ते बारा. हे स्पष्ट सांगावं लागतं, कारण भाड्याच्या सर्व्हरवर घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं आणि ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. तिथे "काल" काढला तर तो आपल्या काल पहाटे ५:३० पासून आज पहाटे ५:३० पर्यंत निघतो. दुकान आवरून रात्री साडेबाराला ऑर्डर टाकणारे डीलर कमी नाहीत. त्यांच्या ऑर्डर मग एक दिवस मागे मोजल्या जातात. पोर्टलचा स्क्रीन एक आकडा दाखवतो आणि ईमेल दुसरा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात, पण अकाउंट्सचा विश्वास मात्र ईमेलवरून उडतो.

वेळापत्रकातही हीच गफलत होते. सर्व्हर यूटीसीवर असताना क्रॉनमध्ये `0 8 * * *` लिहिलं तर ईमेल दुपारी दीडला येतो. सकाळी आठसाठी हे लिहावं लागतं:

```
30 2 * * *
```

ईमेल रोज दुपारी १:३० ला येत असेल तर दुसरं काही शोधत बसू नका, हेच कारण असतं.

सकाळी आठच का?

कारण आठ ते साडेदहा हा दुरुस्तीचा वेळ आहे. अकाउंट्सचा माणूस लोकलमध्येच फोनवर ईमेल वाचतो, ऑफिसला पोहोचला की लेजर उघडतो, दहाला ऑर्डर पुन्हा जातात आणि टेम्पो निघण्याआधी तुर्भ्याला बिल तयार असतं. रात्री दोनला सिंक संपल्यावर लगेच पाठवलेला ईमेल सकाळपर्यंत इतर ईमेलखाली गाडला जातो. तुमची पहिली गाडी सातला निघत असेल तर दुरुस्ती आदल्या संध्याकाळीच व्हायला हवी. मग सिंक रात्री ठेवून उपयोग नाही.

चुकीचा संदेश साध्या भाषेत कसा आणायचा?

एक तक्ता ठेवा. एका बाजूला टॅलीच्या संदेशातला ओळखीचा तुकडा, दुसऱ्या बाजूला ईमेलमध्ये जाणारं वाक्य आणि तिसऱ्या बाजूला काम कोणाचं ते. `Ledger ... does not exist` या तुकड्याला "टॅलीत या पार्टीचं लेजर नाही. लेजर उघडा." हे वाक्य आणि "अकाउंट्स". `Stock Item ... does not exist` याला "मालाचं नाव टॅलीत वेगळं आहे", सोबत पोर्टलवरचं नाव जसंच्या तसं. `Voucher totals do not match` हे बहुधा पैशांच्या गोळाबेरजेमुळे येतं. पोर्टल रक्कम रुपयात पूर्ण करतं आणि राउंड ऑफच्या लेजरची ओळ व्हाउचरमध्ये जात नाही. ते काम सॉफ्टवेअरवाल्यांचं आहे, अकाउंट्सचं नाही, आणि वाक्यात तसं म्हणायला हवं. नाहीतर बिचारा माणूस तासभर बिल तपासत बसतो.

सुरुवातीला सहा-सात संदेश पुरतात, कारण रोजच्या अडचणी फिरून त्याच असतात. तक्त्यात नसलेला संदेश आला तर कच्चा मजकूर ईमेलमध्ये टाकू नका. "कारण अजून कळलेलं नाही, सॉफ्टवेअरवाले पाहत आहेत, दुपारी १२ पर्यंत कळवतील" असं लिहा आणि कच्चा मजकूर तांत्रिक माणसाला वेगळ्या ईमेलने पाठवा. अर्थात बारापर्यंत खरंच कळवायला हवं.

शब्द टॅलीतलेच ठेवा. लेजर, व्हाउचर, पार्टी, एन्ट्री हे शब्द ऑफिसात दिवसभर तोंडात असतात. त्यांची शुद्ध मराठी करायला गेलं की वाचणारा अडखळतो. पण रेकॉर्ड, पेलोड, टाइमआउट, रिट्राय हे शब्द नकोत. "रेकॉर्ड" ऐवजी "ऑर्डर" म्हणा, कारण अडकलेली ती ऑर्डरच असते.

टॅली बंद असल्यामुळे काहीच गेलं नाही, तर?

हे नेहमी होतं. टॅली चालू असेल आणि कंपनी उघडी असेल तरच पोर्ट ९००० वर नोंद घेतली जाते. सवयीने कोणी जाताना कॉम्प्युटर बंद करतं, कधी महावितरणचं शटडाउन असतं, कधी विंडोज अपडेट होऊन मशीन रात्रीत रीस्टार्ट होतं. अशा वेळी ६४ ऑर्डरखाली ६४ वेळा तेच कारण छापू नका. सर्वांचं मूळ एक असेल तर एकच वाक्य लिहा:

```
काल रात्री टॅली बंद होती, एकही ऑर्डर गेली नाही.
टॅली सुरू करून कंपनी उघडा. 10:00 वाजता सगळ्या
ऑर्डर आपोआप जातील. तोवर हाताने एन्ट्री करू नका.
```

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर घाईत कोणीतरी दहा बिलं हाताने टाकतं, दहाला सिंकही तीच दहा टाकतं, आणि संध्याकाळी स्टॉक उणे दिसायला लागतो.

इथे एक सूचना सॉफ्टवेअरवाल्यांसाठी. टॅलीत दोन कंपन्या उघड्या असतील आणि एक्सएमएलमध्ये `SVCURRENTCOMPANY` दिलेलं नसेल, तर नोंद त्या क्षणी पुढे असलेल्या कंपनीत जाऊ शकते. एप्रिलमध्ये, जुन्या आणि नव्या वर्षाच्या कंपन्या शेजारी उघड्या असताना, हे विशेष सांभाळावं लागतं. टॅलीतून स्वतंत्र मोजणी केली असेल तर ही चूक पहिल्याच सकाळी ताळ्यात दिसते.

ईमेल आलाच नाही तर सगळं ठीक आहे असं समजायचं का?

अजिबात नाही. म्हणूनच सगळं सुरळीत असतानाही ईमेल पाठवायचा, रविवारीही, शून्य ऑर्डर असल्या तरीही. "12 मार्च: सगळ्या 64 गेल्या" एवढा विषय पुरतो. फक्त चूक झाली की ईमेल पाठवायचा असं ठरवलं, तर सर्व्हर बंद पडल्यावरची शांतता आणि सगळं ठीक असतानाची शांतता सारखीच दिसते.

सिंक आणि ईमेल ही दोन वेगळी कामं ठेवा. सिंक आपला निकाल एका टेबलमध्ये लिहितं: सुरू कधी, संपलं कधी, आकडे किती. आठ वाजता दुसरं काम ते टेबल वाचतं. रात्रीच्या सिंकला "संपलं" ही वेळ नसेल तर ते तसंच कळवतं: "काल रात्रीचं सिंक अर्ध्यात थांबलं". दोन्ही एकाच प्रोग्राममध्ये असतील तर सिंक कोसळताना ईमेलही सोबत घेऊन जातं.

सर्व्हरच बंद असेल तर दोन्ही कामं होत नाहीत. त्यासाठी पहारा बाहेर हवा. Healthchecks.io सारख्या सेवेला रोज ईमेल गेल्यावर एक हाक द्यायची, आणि साडेआठपर्यंत हाक आली नाही तर ती सेवा तांत्रिक माणसाला कळवते. अकाउंट्सला एवढंच सांगून ठेवा: साडेआठपर्यंत ईमेल नसेल तर अमुक नंबरवर फोन करा.

साधा मजकूर की रंगीत तक्ता?

साधा मजकूर. फोनवर तो कुठेही नीट दिसतो, आणि लोक तो कॉपी करून गोडाऊनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. तिथे तक्त्याचा चुराडा होतो. मात्र साध्या मजकुरात स्पेस देऊन रकाने जुळवू नका. फोनच्या अक्षरांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे रकाने सरकतात. वरच्या नमुन्यासारखी प्रत्येक गोष्ट आपल्या ओळीत लिहिली की प्रश्न मिटतो.

ऑर्डर क्रमांक आणि रकमा इंग्रजी अंकांत ठेवा. ५१८७ कॉपी करून टॅलीत शोधलं तर 5187 सापडत नाही. रकमेत स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, हजारानंतर दोन-दोन आकड्यांवर हवेत. बहुतेक प्रोग्राम आपणहून 748,320 असं लिहितात, ते 7,48,320 करून घ्या.

मराठी अक्षरांच्या जागी "à¤" किंवा प्रश्नचिन्हं येतात. का?

मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे, पण ईमेलच्या हेडरमध्ये तसं सांगितलेलं नाही. वाचणारा प्रोग्राम तो दुसऱ्या लिपीचा समजून उघडतो आणि `à¤` दिसतं. प्रश्नचिन्हं असतील तर अक्षरं वाटेतच, बहुधा डेटाबेसच्या रकान्यात, गेलेली असतात. ती ईमेलच्या बाजूने परत आणता येत नाहीत. पायथनमध्ये हेडर हाताने न रचता हे वापरा, विषय आणि मजकूर दोन्हींची सांकेतिक रचना ते आपोआप करतं:

```python
from email.message import EmailMessage
import smtplib

msg = EmailMessage()
msg["Subject"] = subject
msg["From"] = sender
msg["To"] = accounts
msg["Reply-To"] = support
msg.set_content(body)

with smtplib.SMTP(host, 587) as s:
    s.starttls()
    s.login(user, password)
    s.send_message(msg)
```

`Reply-To` मध्ये खरा माणूस वाचतो असा पत्ता द्या. "लेजर उघडलं, पण अजून अडकलेली दिसते" असं उत्तर कोणी पाठवलं तर ते पोहोचायला हवं.

महिनोन्‌महिने येणारा ईमेल अचानक बंद झाला.

जीमेलवरून पाठवत असाल तर आधी पासवर्ड पाहा. प्रोग्रामसाठी घेतलेला ॲप पासवर्ड त्या खात्याचा मूळ पासवर्ड बदलला की रद्द होतो. लॉगमध्ये ५३५ क्रमांकाचा नकार दिसेल. नवा ॲप पासवर्ड काढा, आणि शक्यतो हे खातं कोणाचं वैयक्तिक नसावं.

ईमेल जातो पण स्पॅममध्ये पडतो, असं असेल तर पाठवणाऱ्या डोमेनचं एसपीएफ आणि डीकेआयएम तपासा. कंपनीच्या पत्त्याने, पण कंपनीच्या मेल सर्व्हरऐवजी भलत्याच सर्व्हरवरून पाठवलं की हे होतं.

कोणाकोणाला पाठवायचा?

`To` मध्ये ज्याने आज काम करायचं आहे तो एकच माणूस, आणि तो रजेवर असेल तेव्हाचा बदली. मालक आणि गोडाऊनचे सुपरवायझर `Cc` मध्ये. आठ जणांना `To` मध्ये घातलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी पाहील. डीलरचे फोन नंबर, जीएसटी क्रमांक किंवा उधारीची मर्यादा या ईमेलमध्ये घालू नका. तो ग्रुपवर जाणार आहे हे धरूनच लिहा.

एखादी ऑर्डर दहा-दहा दिवस यादीत राहते. तिचं काय?

दिवस मोजून दाखवा, नमुन्यातल्या "तिसरा दिवस" प्रमाणे, आणि सर्वांत जुनी ऑर्डर यादीत वर घ्या. पाचव्या दिवशी ती विषयाच्या ओळीत यावी: "12 मार्च: 3 अडकल्या, एक 5 दिवसांपासून". तोवर कोणी हलत नसेल तर बहुधा वाक्य चुकलेलं असतं. पनवेलच्या ऑर्डरचंच घ्या. "मालाचं नाव वेगळं आहे" एवढ्यावर अकाउंट्सला कळत नाही की नाव टॅलीत बदलायचं की पोर्टलवर. नाव टॅलीत बदललं तर तोच माल जुन्या नावाने मागवणाऱ्या बाकीच्या ऑर्डर उद्या अडकतील. बरोबर वाक्य असं आहे: "टॅलीतलं नाव बदलू नका. त्या मालाला अलियास द्या: पाईप 25 मिमी". हे तक्त्यात एकदा दुरुस्त केलं की पुढची तशी ऑर्डर त्याच सकाळी सुटते.